तुळिंजच्या ताईंची १०० किलो चकलीची ऑर्डर: हिशेब, चुका आणि हातात उरलेले पैसे

व्हिडिओत या ताईंची गोष्ट मी सहा-सात मिनिटांत उरकली आणि खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न आला, "सर, आकडे सांगा ना." मग म्हटलं, इथे नीट बसून लिहू. ताईंचं नाव लिहीत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. "सर, आमच्या चाळीत सगळ्यांना कळेल मला किती उरले ते!" असं त्या हसत म्हणाल्या.

ताई राहतात नालासोपारा पूर्वेला, तुळिंजला. तळमजल्यावरची वन रूम किचन. सासूबाई मूळच्या कोकणातल्या, आणि त्यांची भाजणीची चकली म्हणजे चाळीतला दिवाळीचा ठरलेला विषय. तीन-चार वर्षं ताई दिवाळीला ओळखीच्या लोकांना ४०० रुपये किलोने चकली करून द्यायच्या. सगळी मिळून वीस-पंचवीस किलो व्हायची. २०२३ च्या सुरुवातीला टीव्हीवर शार्क टँकमध्ये गीता पाटील यांच्या 'पाटील काकी'ची गोष्ट सगळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून घरात "आपणही पाकिटात घालून विकू" हे सुरू झालं होतं.

आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला फोन आला. वसई पूर्वेच्या एका कंपनीला दिवाळीत कामगारांना द्यायला चकली हवी होती. ४०० पाकिटं, प्रत्येकी २५० ग्रॅम, म्हणजे १०० किलो. माल ६ नोव्हेंबरला पोहोचला पाहिजे, कारण १२ तारखेला लक्ष्मीपूजन. ताईंनी फोनवरच भाव सांगितला, "मोठी ऑर्डर आहे, ३२० ने देते." पाकिटाला ८० रुपये. समोरचा लगेच हो म्हणाला.

तो लगेच हो म्हणाला, इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. खरेदी करणारा माणूस भाव न पाडता हो म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपणच आधी पाडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे आल्या, वहीत हिशेब घेऊन. तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ हे ४:२:१:१ या प्रमाणात, वर धणे-जिरे. त्या वेळच्या दुकानातल्या भावाने, भाजताना होणारी घट आणि दळणाचे पैसे धरून, भाजणीचं पीठ किलोला ९५ रुपयांना पडत होतं. त्यांच्या हाताने एक किलो पिठाची साधारण १ किलो ३०० ग्रॅम चकली होते, कारण चकली तेल पिते. म्हणजे एका किलो चकलीला पीठ ७३ रुपयांचं. तेल ४८ रुपयांचं, आणि तीळ, ओवा, तिखट, मीठ, लोणी मिळून २० रुपये. एकूण १४१. ताई म्हणाल्या, "१४१ चा माल ३२० ला जातोय सर, दुपटीहून जास्त!"

मी म्हटलं, वही उलटी करा आणि माल सोडून जे जे लागेल ते लिहा.

गॅस. घरचा लाल सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, तो फक्त घरगुती स्वयंपाकाचा. १९ किलोचा कमर्शियल घ्यावा लागणार, तोही भाजणे आणि तळणे मिळून दोन. तेव्हा एक साधारण १,७०० ला पडत होता. म्हणजे किलोमागे ३४ रुपये.

जागा. घरात लहान मूल, सासूबाई, आणि तिथेच मोठी कढई? शेजारची खोली रिकामी होती, ती महिन्याला ४,००० ने घ्यायची ठरली. किलोमागे ४० रुपये.

माणसं. रोज १७ किलो काढायची तर एकटीने होत नाही. चकली साधारण १५ ग्रॅमची धरा, म्हणजे दिवसाला अकराशेच्या वर चकल्या. लोकांना वाटतं की तळायला वेळ लागतो. खरा वेळ सोऱ्या फिरवण्यात जातो. एक हात मिनिटाला फार तर पाच चकल्या पाडतो, आणि पीठ भरायला थांबावं लागतं ते वेगळंच. म्हणून दोन बायका, सहा दिवस, रोज ५०० रुपये. ६,००० झाले, किलोमागे ६०.

पाकीट, लेबल आणि बाहेरचा खोका मिळून किलोमागे ३६. टेम्पोचे १,५००, म्हणजे १५. आणि तुटलेली, करपलेली, वाया गेलेली चकली. शंभर किलोत सहा किलो तरी जाणार असं धरलं, त्याचे किलोमागे ११ रुपये.

बेरीज केली तर ३३७.

ताई वहीकडे बघत राहिल्या. ३२० ने दिलं असतं तर १०० किलोवर १,७०० रुपये खिशातून गेले असते, आणि त्यात ताईंची स्वतःची मजुरी शून्य. घरी पाच किलो करताना हे कळत नाही, कारण गॅस घरचाच, खोली घरचीच, आणि मदतीला नणंद. ऑर्डर मोठी झाली की हे सगळं विकत घ्यावं लागतं. मोठ्या ऑर्डरला माल स्वस्त पडतो हे खरं, पण ते आपल्याकडे जागा, भांडी आणि माणसं आधीपासून असतील तेव्हा. पहिल्या ऑर्डरला उलटंच होतं.

मग परत फोन करायचा प्रश्न आला. ताईंना लाज वाटत होती. "दिलेला शब्द कसा फिरवू?" मी सांगितलं, ऑर्डर अजून कागदावर नाही, लेबल आणि पाकिटाचा खर्च धरला नव्हता हे सरळ सांगा. त्यांनी सांगितलं. पाकिटाला १०० मागितले, ९५ वर ठरलं. म्हणजे ३८० रुपये किलो, एकूण ३८,०००. पण त्या माणसाने दोन गोष्टी जोडल्या. एक, "तुमचा फूड लायसन्सचा नंबर पाकिटावर पाहिजे." आणि दुसरं, "पेमेंट ४५ दिवसांनी."

आधी नंबरचं सांगतो. ताईंकडे काहीच नव्हतं. तेव्हाच्या नियमाने वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना पूर्ण लायसन्स लागत नव्हतं, एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरत होती. foscos.fssai.gov.in या साइटवर अर्ज, फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि सरकारी फी वर्षाला १०० रुपये. स्टेशनजवळच्या एका एजंटने त्यांना ३,५०० सांगितले होते! ताईंच्या पुतण्याने मोबाईलवरून अर्ज भरला. एक गोष्ट मात्र मी आवर्जून पाहायला लावली. अर्जात पत्ता कुठला? नोंदणी माणसाबरोबर त्या जागेचीही असते. जिथे चकली तळणार तिथलाच पत्ता हवा, म्हणून भाड्याच्या खोलीचा करार आधी केला आणि तोच लावला. नियमाप्रमाणे अर्जानंतर सात दिवसांत नोंदणी देतात, नाकारतात किंवा जागा पाहायला येतो असं कळवतात. पाहणी निघाली तर वेळ वाढतो. त्यामुळे हे काम ऑर्डर हातात आल्यावर सुरू करणं म्हणजे जुगारच. ताईंचा १४ आकडी नंबर वेळेत आला, हे त्यांचं नशीब.

आता ४५ दिवस. खर्च ३३,७०० चा, तोही सगळा आधी, आणि पैसे येणार डिसेंबरच्या शेवटी. ताईंच्या भिशीचा २०,००० चा नंबर त्या महिन्यात लागत होता, पण तो मुलाच्या फीसाठी ठेवलेला. मंगळसूत्र गहाण ठेवू का, हा विषय घरात निघाला होता. मी म्हटलं, आधी ॲडव्हान्स मागा. निम्मे मागितले, ४० टक्के मिळाले, म्हणजे १५,२००. भिशीचे २०,००० घेऊन ३५,२०० झाले. खर्च निघत होता, हातात दीड हजार उरत होते. उरलेलं पेमेंट ३० दिवसांत द्यायचं ठरलं आणि ते परचेस ऑर्डरवर लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात उद्यम नोंदणी केली. udyamregistration.gov.in वर होते, आधार लागतं, फी काही नाही. याचा उपयोग काय? नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि लेखी करार केला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं, तेही बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही बदल झाला. मुदतीत न दिलेली अशी रक्कम कंपनीला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला हे बरोबर माहीत असतं. म्हणून उद्यमचा नंबर बिलावर ठळक छापा.

पैशाचं झालं. आता खरी मजा चकलीची.

सासूबाईंची रेसिपी म्हणजे "दोन मुठी तीळ, चवीपुरतं मीठ, आणि पाणी पीठ मागेल तेवढं." पाच किलोला हे चालतं, शंभर किलोला नाही. कारण आता पीठ भिजवणार दुसरीच बाई. मग ताईंनी एक छान काम केलं. सासूबाईंना नेहमीसारखं करायला सांगितलं, पण प्रत्येक मूठ भांड्यात टाकण्याआधी वजनकाट्यावर. तीन वेळा. तीळ तिन्ही वेळा जवळपास सारखे आले. मीठ मात्र तिसऱ्या वेळी बरंच जास्त आलं, कारण सासूबाई बोलण्याच्या नादात होत्या. त्या चिडल्या, "माझ्या हाताला काटा लावता काय गं?" पण शेवटी एक किलो पिठाला किती मीठ, किती तीळ, किती मोहन हे ग्रॅममध्ये भिंतीवर लागलं. पाण्याचा आकडा मात्र लावला नाही. दळण बदललं की पीठ पाणी वेगळं घेतं, म्हणून गिरणीतून आलेल्या प्रत्येक लॉटची आधी अर्धा किलोची चाचणी घ्यायची असं ठरलं.

गिरणीचंही सांगतो. आपल्या आधी कोणी मिरची किंवा गहू दळला असेल तर तो आपल्या भाजणीत येतो. ताईंनी गिरणीवाल्या काकांना विनंती करून सकाळचं पहिलं दळण घेतलं, आणि सुरुवातीला थोडे तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढलं. दळलेलं पीठ गरम असतं. ते पसरून गार करून मगच डबे बंद केले.

१८ ऑक्टोबरला त्यांनी चाचणी म्हणून नऊ किलो चकली केली. रात्री अकराला तळण संपलं आणि थकल्या असल्यामुळे लगेच पाकिटं भरली. चौथ्या दिवशी एक पाकीट फोडलं तर चकली चामट! वाकते, पण मोडत नाही. नऊच्या नऊ किलो गेली, माल आणि गॅस मिळून दीड हजारावर पाणी. ॲडव्हान्स मिळाल्यावर जे दीड हजार जास्तीचे उरले होते, तेच हे.

ताई रडवेल्या होऊन फोनवर म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात दृष्ट लागली." आम्ही एकेक कारण तपासलं. पहिलं कारण सरळ होतं. चकली वरून गार लागते, पण आत ऊब असते. ती बंद पाकिटात गेली की आतली वाफ पाकिटाच्या कडेला दव होऊन बसते आणि पुन्हा चकलीत शिरते. पाकिटाच्या आत धुकं दिसलं की समजायचं. दुसरं, कढई मोठी आणि घाणाही मोठा. एकदम जास्त चकल्या टाकल्या की तेल गार पडतं, चकली तेल पिते आणि आत ओली राहते. काही घाणे उलट घाईत, फार तापलेल्या तेलात तळले होते. ते बाहेरून लवकर लाल झाले, आत मऊच. यासाठी घड्याळ लागत नाही, बुडबुडे पाहायचे. चकलीतून पाणी निघतं तोवर तेलात बुडबुडे येतात. ते जवळपास थांबले की काढायची, रंगावर जायचं नाही. तिसरं, पाकिटाचं सील. पाकीट पाण्याच्या बादलीत धरून दाबलं तर दहातल्या तीन पाकिटांच्या कोपऱ्यातून हवेचे फुगे आले. म्हणजे तिथून बाहेरची दमट हवा आत जात होती. सीलिंग मशीनचा काटा थोडा वर नेला, पाकिटाच्या तोंडाला लागलेलं तेल आणि भुगा पुसूनच सील करायचं ठरलं, आणि साध्या पातळ पिशवीऐवजी जाड लॅमिनेटेड पाऊच घेतला.

दमट हवेचं हे दुखणं जुनं आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पुढची मोठी संस्था सगळे सांगतात, मला ही खाट जास्त आवडते.

ताईंची खाट म्हणजे दोन मोठ्या जाळ्या आणि एक पंखा. तळलेली चकली जाळीवर, त्याखाली कागद, दोन तास पूर्ण गार. मग झाकणाच्या डब्यात, आणि पाकिटं दुसऱ्या दिवशी सकाळी. उघडी चकली रात्रभर ठेवायची नाही, नाहीतर तीही सादळते. पुन्हा दोन किलो करून पाकिटं माळ्यावर ठेवली आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी फोडली. कुरकुरीत राहिली. मग २८ ऑक्टोबरला मुख्य काम सुरू.

तेलाबद्दल एक भांडण झालं. तिसऱ्या दिवशी तेल काळपट झालं, घाणा टाकला की फेस येऊन बराच वेळ बसत नव्हता. मदतीची बाई म्हणाली, यात नवीन तेल घालून चालवू. घरी आपण सगळे तेच करतो. पण दोन दिवसांत खायची चकली वेगळी आणि महिनाभर पाकिटात राहणारी वेगळी. जुनं तेल चकलीत गेलं की आठ-दहा दिवसांत खवट वास येतो, आणि तोवर माल आपल्या हातात नसतो. कायद्यातही तळणीच्या तेलाला मर्यादा आहे, ती मोजायला यंत्र लागतं. आपल्याला फेस, धूर आणि वास यावरून कळतं. ताईंनी सगळं मिळून दहा किलो तेल काढून टाकलं. ते ४८ रुपयांत आधीच धरलेलं होतं, म्हणून हात थरथरला नाही.

तुटलेल्या चकल्या पाच-सहा किलो निघाल्या. नवऱ्याने सुचवलं, "पाकिटात थोड्या थोड्या घाल, कोण बघतंय?" ताईंनी त्या वेगळ्या काढून चाळीत कमी भावाने, सुट्या, तुटलेल्या म्हणूनच विकल्या. मला ते पटलं. लिज्जतच्या बायकांनीही सुरुवातीला चांगला आणि हलका असे दोन प्रकार करायचं ठरवलं होतं. त्यांना छगनबापांनी, म्हणजे छगनलाल पारेख यांनी, एकच दर्जा ठेवायला सांगितलं.

आणि शेवटची चूक, जी मीच पकडली म्हणून जरा मिरवतो. ४ नोव्हेंबरला मी सहज एक पाकीट काट्यावर ठेवलं. बरोबर २५० ग्रॅम. मग रिकामा पाऊच ठेवला, ७ ग्रॅम. म्हणजे चकली २४३! ताई भरलेलं पाकीटच काट्यावर ठेवत होत्या. लेबलवर निव्वळ वजन लिहितो, तेव्हा पाऊच सोडून आतला माल तेवढा पाहिजे. कमी भरलं तर वजनमापाच्या कायद्यात तो गुन्हा आहे. २६० पाकिटं भरून झाली होती. ती सगळी कापून पुन्हा भरली, नवे पाऊच आणि लेबलं लागली. पाऊचचा आणि लेबलचा मिळून जास्तीचा खर्च दोन हजारांवर गेला. पाकिटामागे ७ ग्रॅम म्हणजे ४०० पाकिटांना २ किलो ८०० ग्रॅम चकली जास्त लागली, ती ५ तारखेला रविवारी बसून केली.

६ नोव्हेंबरला सकाळी टेम्पो निघाला. गेटवर त्यांनी पाच पाकिटं वजन केली. २५१, २५०, २५२, २५०, २५१, पाऊच सोडून.

उरलेले २२,८०० यायचे होते ६ डिसेंबरला. आले १४ तारखेला, दोन फोन आणि बिलावरचा उद्यम नंबर दाखवून केलेला एक ईमेल एवढ्यानंतर. भिशीचे पैसे फीला वेळेत लागले नाहीत, शाळेत आठ दिवस थांबायची विनंती करावी लागली.

आता तुमचा प्रश्न, उरले किती? कागदावर ३८,००० वजा ३३,७००, म्हणजे ४,३००. त्यातून चाचणीची चामट चकली दीड हजार, पाऊच-लेबलं दोन हजारांवर. तुटलेल्या चकलीचे आठशे-हजार मिळाले. म्हणजे साधारण दीड हजार. पंचवीस दिवसांचे. मदतीला आलेल्या प्रत्येक बाईने सहा दिवसांत ३,००० नेले. मालकीणबाईंनी निम्मे. ताईंनी ते दीड हजार सासूबाईंच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "मुठीचे पैसे."

जानेवारीत त्याच कंपनीचा संक्रांतीसाठी फोन आला. ३०० पाकिटं, तोच भाव चालेल का? ताईंनी सांगितलं, विचार करून उद्या कळवते. दुसऱ्या दिवशी पाकिटाला ११५ आणि निम्मा ॲडव्हान्स, असं लिहून पाठवलं. कंपनीने १५० पाकिटं घेतली.